बंड दिल्लीला पोचलं आणि तिथंच बसलं

मेरठच्या छावणीत फिरायला लागलं की आधी जाणवतात ती अंतरं. रस्ते सरळ, झाडं जुनी, बंगल्यांची आवारं ऐसपैस, आणि एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं तर रिक्षा करावीच लागते. १८५७ साली गोऱ्या पलटणींच्या बराकी उत्तरेकडे होत्या आणि हिंदी पलटणींच्या वस्त्या दक्षिणेकडे. या दोहोंच्या मध्ये साहेबांचे बंगले आणि सदर बाजार. १० मेच्या संध्याकाळी जे घडलं ते समजून घ्यायचं तर हे अंतर स्वतः तुडवलेलं बरं. पुस्तकात वाचताना प्रश्न पडतो की दोन हजारांच्या आसपास गोरं सैन्य, शिवाय तोफखाना, एवढं सगळं गावात असताना हिंदी शिपाई निसटले कसे? इथं उन्हात दीड-दोन मैल चालल्यावर त्या प्रश्नाचं अर्धं उत्तर पायांनाच मिळतं.

रिक्षावाल्यानं आम्हाला आधी औघडनाथाच्या देवळात नेलं. लोक त्याला काली पलटन मंदिर म्हणतात. काली पलटन म्हणजे हिंदी शिपायांची पलटण. त्यांच्या वस्त्या याच बाजूला होत्या. आता देऊळ संगमरवरी आणि झगझगीत आहे, त्या वेळचं फारसं काही डोळ्यांना दिसत नाही. इथल्या विहिरीवर पाणी पाजणाऱ्या साधूनं, दातांनी चरबीचं काडतूस तोडणाऱ्याला पाणी देणार नाही असं शिपायांना सुनावलं, ही गोष्ट इथं प्रत्येकाला पाठ आहे. खरी असो नसो, त्या वर्षी अशा गोष्टी किती वेगानं पसरत होत्या ते तिच्यावरून कळतं.

काडतुसाचं प्रकरण आपण शाळेत दोन ओळींत शिकतो: गाय आणि डुक्कर यांची चरबी, धर्म बुडाला, बंड झालं. पण मेरठचा तपशील त्याहून गमतीचा आहे. नवी एन्फिल्ड बंदूक आली तिच्या नळीला आतून पीळ होता. गोळी त्या पिळात घट्ट बसली तरच ती लांबवर आणि नेमकी जाते. काडतूस म्हणजे कागदाची पुंगळी, तिच्यात एका बाराची दारू आणि शिशाची गोळी. शिपायानं पुंगळीचं टोक दातांनी तोडायचं, दारू नळीत ओतायची आणि मग गोळी कागदासकट गजानं खाली ठासायची. घट्ट नळीतून ती सरकावी म्हणून गोळीकडच्या टोकाला चरबी फासलेली. ही चरबी कुठल्या जनावराची, हे कंत्राट देताना कोणी पाहिलंच नव्हतं. जानेवारीत कलकत्त्याजवळ डमडमला बोभाटा झाल्यावर कंपनी सरकारनं माघार घेतली, शिपायांनी स्वतःच्या हातानं हवं ते तूप-मेण लावावं असा हुकूमही काढला. पण तोवर उशीर झाला होता. चरबी बदलली तशी शंकाही सरकली आणि कागदावर जाऊन बसली: हा कागद एवढा चकाकतो कसा? फेब्रुवारीत बहरामपूरच्या एकोणिसाव्या पलटणीनं काडतुसं नाकारली ती या कागदापायी. मार्चअखेरीला तिला बराकपूरला नेऊन मोडून टाकलं. त्याच्या दोनच दिवस आधी तिथं चौतिसाव्या पलटणीचा मंगल पांडे आपल्या अधिकाऱ्यांवर चालून गेला होता. ८ एप्रिलला त्याला फाशी दिलं.

२४ एप्रिलला मेरठला तिसऱ्या हलक्या घोडदळाचा कर्नल कारमायकेल-स्मिथ यानं नव्वद निवडक स्वारांची कवायत लावली. हेतू, निदान त्याच्या मते, चांगलाच होता. काडतूस दातांनी न तोडता बोटांनी फाडायचं अशी नवी पद्धत आली होती, ती दाखवून त्याला शंका मिटवायची होती. त्या दिवशी वाटलेली काडतुसं जुनीच, वर्षानुवर्षं वापरातली. एन्फिल्डची नव्हेत, चरबीचीही नव्हेत. तरी नव्वदपैकी पंच्याऐंशी जणांनी हात पुढे केला नाही. त्यांचं म्हणणं, आम्ही घेतली तर बाकीच्या पलटणीत आमची छी-थू होईल. ही कवायत पुढे ढकला, असं त्याच्याच हाताखालच्या एका गोऱ्या कप्तानानं आदल्या दिवशी लिहून कळवलं होतं. कर्नलला ते भित्रेपणाचं वाटलं.

एवढ्याशा पुंगळीवरून माणसं नोकरी आणि जीव का पणाला लावतील? कारण पुंगळी ही शेवटची काडी होती. बंगाल फौजेतले शिपाई बहुतेक अवधचे आणि बिहारचे, शेतकरी घरांतले, उच्च जातीचे. महिना पगार सात रुपये, तोही कित्येक वर्षं वाढलेला नाही. पूर्वी मुलखाबाहेर लढायला गेलं की जादा भत्ता मिळे. पंजाब आणि सिंध कंपनीनं खालसा केले, ते आता ‘मुलखातले’ झाले आणि भत्ता बुडाला. १८५६ साली अवधचं राज्य घेतलं तेव्हा शिपायाच्या गावाकडच्या जमिनीची आणि मानाची घडी विस्कटली. त्याच वर्षी कायदा आला की यापुढे भरती होणाऱ्यानं समुद्र ओलांडायला तयार असलं पाहिजे. म्हणजे बापाची नोकरी मुलाला हवी असेल तर धर्म गहाण टाकूनच. अशा माणसाला साहेब सांगतो, काडतुसात काही नाही, घे. तो का विश्वास ठेवील?

दिल्ली रोडवर भैंसालीत शहीद स्मारक आहे. पांढरा उंच स्तंभ, शेजारी १८५७ चं सरकारी संग्रहालय. त्या पंच्याऐंशी जणांची नावं तिथं कोरलेली आहेत. सावकाश वाचत गेलं तर एक गोष्ट लक्षात येते: निम्म्याहून जास्त नावं मुसलमानांची, उरलेली हिंदूंची, एकमेकांत मिसळलेली. रिसाला असल्यामुळे मुसलमान जास्त, पण नकार सगळ्यांनी मिळून दिला.

लष्करी कोर्टात हिंदी अधिकाऱ्यांनीच त्यांना दोषी ठरवलं. दहा वर्षं सक्तमजुरी. अगदी कोवळ्या अकरा जणांना पाच. ९ मेला सकाळी सगळ्या फौजेसमोर त्यांचे गणवेश उतरवले आणि लोहारांनी एकेकाच्या पायात बेड्या ठोकल्या. पंच्याऐंशी माणसांच्या पायांत बेड्या ठोकायला वेळ लागतो. तासाहून जास्त वेळ बाकीचे शिपाई भर उन्हात ते पाहत उभे होते, आणि त्यांच्यावर गोऱ्यांच्या भरलेल्या बंदुका आणि तोफा रोखलेल्या. कैद्यांतले काही वीस-तीस वर्षं नोकरी केलेले होते, ते रांगेतल्या ओळखीच्या अधिकाऱ्यांना हाका मारत होते. माझ्या मते बंडाला नक्की कधी तोंड लागलं असं कोणी विचारलं तर १० मेऐवजी ९ मेची ही सकाळ सांगावी. त्याच संध्याकाळी गॉफ नावाच्या तरुण लेफ्टनंटला त्याच्या हिंदी अधिकाऱ्यानं घरी येऊन सांगितलं की उद्या पलटणी उठणार. गॉफ कर्नलकडे गेला, मग ब्रिगेडियर आर्चडेल विल्सनकडे गेला. दोघांनी त्याची टर उडवली.

१० मे रविवार. उन्हाळा म्हणून संध्याकाळची प्रार्थना अर्धा तास उशिरा ठेवली होती. सदर बाजारात आवई उठली की गोरी रायफल पलटण हत्यारं काढून घ्यायला निघालीय. खरं तर ती प्रार्थनेसाठी जमत होती. बाजारात पळापळ झाली, शिपाई वस्त्यांकडे धावले, तिसऱ्या घोडदळाचे स्वार तुरुंगाकडे सुटले आणि त्यांनी साथीदारांच्या बेड्या तोडल्या. अकराव्या पलटणीचा कर्नल फिनिस आपल्या शिपायांना समजावत असताना विसाव्या पलटणीच्या गोळ्यांनी पडला. मग बाजारातला जमाव आणि आजूबाजूच्या गावांतले लोक बंगल्यांवर तुटून पडले. यात बायका-मुलंही मारली गेली. विल्सन रायफली आणि तोफा घेऊन दक्षिणेच्या मैदानावर पोचला तेव्हा अंधार पडलेला, समोर चिटपाखरू नाही. जनरल ह्यूइट म्हातारा आणि गोंधळलेला. त्यांनी ठरवलं, छावणी सांभाळू. शिपाई दिल्लीच्या वाटेला लागले होते, त्यांच्यामागे कोणी गेलं नाही.

३१ मेला सगळीकडे एकदम उठायचं ठरलं होतं आणि मेरठनं घाई केली, असं आपण पुष्कळदा ऐकलेलं असतं. मेरठ पाहून मला तरी तसं वाटत नाही. ठरवून केलेल्या गोष्टीत एवढी बाजारातली आवई, एवढी अंधारातली धावपळ नसते. दिल्लीला जायचं हेही त्या रात्रीच वस्त्यांबाहेर वादविवाद होऊन ठरलं. आणि तो निर्णय मोठा अचूक होता. मेरठला राहिले असते तर सकाळी तोफांनी भाजून निघाले असते. दिल्लीत एकही गोरी पलटण नव्हती. शहराला सात मैलांची तटबंदी होती, आत मोठा दारूगोळा होता आणि किल्ल्यात बादशहा होता.

मेरठ ते दिल्ली पासष्ट किलोमीटरच्या आसपास. आज मोदीनगर, मुरादनगर, गाझियाबाद असं एकाला एक चिकटलेलं शहरच लागतं, मध्ये शेत असं दिसत नाही. हिंडन नदी ओलांडताना गाडीवाल्यानं काच वर केली, इतका वास. मे महिन्याच्या अखेरीस शिपायांनी मेरठहून येणाऱ्या विल्सनला अडवलं ते या नदीवर. दोन दिवस झुंज झाली. पहिल्या दिवशी तोफा गमावून शिपाई मागे हटत असताना अकराव्या पलटणीच्या एकानं दारूगोळ्याच्या गाड्यात बंदूक झाडली. तो उडालाच, पण त्यावर तुटून पडलेला गोरा कप्तान आणि त्याची काही माणसंही उडाली. या माणसाचं शौर्य कंपनीच्याच लोकांनी नोंदवून ठेवलं. शौर्याची टंचाई या बंडात कुठंच नव्हती, आणि ते का फसलं हे शोधताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

११ मेच्या सकाळी पहिले स्वार नावांच्या पुलावरून यमुना ओलांडून लाल किल्ल्याच्या भिंतीखाली आले. त्या बाजूला आता लोखंडी पूल आहे, आणि नदी किल्ल्यापासून लांब सरकली आहे. वर झरोक्यात बहादूरशहा जफर होता, वय एक्याऐंशी, महिना एक लाख पेन्शनवर जगणारा, गझला लिहिणारा. शिपायांनी त्याला सांगितलं, आम्ही धर्मासाठी लढतोय, तुम्ही आमचे मालक व्हा. माझ्याकडे पैसा नाही, फौज नाही, असं त्याचं म्हणणं. दुपारपर्यंत शहरातल्या तिन्ही हिंदी पलटणी फुटल्या आणि म्हाताऱ्यापुढे दुसरा पर्याय उरला नाही. त्याचं नाव जोडलं गेलं आणि मेरठच्या तीन पलटणींचा दंगा हिंदुस्थानभरचं बंड झाला. पुढच्या आठवड्यांत अवध, रोहिलखंड, कानपूर, झाशी जिथं जिथं पलटणी उठल्या तिथं तिथं बादशहाच्या नावानं उठल्या. त्यातल्या कितीतरी सरळ दिल्लीची वाट चालू लागल्या.

काश्मिरी दरवाजाकडे जाणाऱ्या लोथियन रोडवर, वाहनांच्या लोंढ्यात एका बेटासारखा, कंपनीच्या दारूगोळा कोठाराचा उरलेला दरवाजा उभा आहे. लेफ्टनंट विलोबी आणि आठ जणांनी त्या दुपारी कोठार स्वतःच उडवून दिलं. जवळच तारखात्याच्या दोन पोरसवदा तारवाल्यांचं स्मारक आहे. त्यांनी शहर सोडण्याआधी अंबाल्याला तार केली. मला विचाराल तर त्या दिवशी कंपनीच्या बाजूनं झालेलं सगळ्यात मोठं काम हेच. अंबाल्याहून बातमी लाहोरला गेली, आणि १३ मेला तिथल्या हिंदी पलटणींची हत्यारं, त्यांना पुरतं कळायच्या आत, काढून घेतली. पंजाब हातात राहिला. पुढे दिल्ली घेतली ती पंजाबनं.

आता टेकडीवर, म्हणजे दिल्लीकर ज्याला रिज म्हणतात तिथं जाऊ. विद्यापीठाच्या बाजूनं चढलं की कमला नेहरू रिजची झाडी लागते. माकडं पुष्कळ, सकाळी फिरायला येणारे त्याहून पुष्कळ. चढ असा नाहीच. शहरापेक्षा फार तर साठ फूट उंच असा खडकाचा कणा, दोनेक मैल लांबीचा, उत्तरेच्या तटाला तिरपा. वर गोल फ्लॅगस्टाफ टॉवर आहे. ११ मेला पळून आलेली गोरी कुटुंबं इथं जमली होती, मेरठहून मदत येईल म्हणून धुळीचे लोट शोधत. त्या रात्री ती पांगली आणि टेकडी मोकळी झाली.

इथं उभं राहून माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: ही जागा ११ मेपासून ८ जूनपर्यंत जवळजवळ रिकामीच होती. चार आठवडे. काश्मिरी दरवाजावर आणि मोरी बुरुजावर तोफ डागता येईल अशी ही एकमेव उंच जागा, आणि शहरात हजारो कवायती शिपाई. त्यांनी इथं पक्के मोर्चे बांधले नाहीत, कर्नाल-अंबाल्याचा रस्ताही तोडला नाही. त्या रस्त्यावर पतियाळा, जिंद, नाभा या संस्थानांची माणसं कंपनीसाठी पहारा देत होती. तिकडे सरसेनापती ॲन्सन बैल आणि गाडे गोळा करता करता कर्नालला पटकीनं मेला. म्हणजे शत्रूही काही विजेच्या वेगानं येत नव्हता. ८ जूनला बदली-की-सरायची लढाई जिंकून कंपनीचे तीनेक हजार लोक या टेकडीवर चढले, आणि सप्टेंबरपर्यंत ते कोणालाही हलवता आले नाहीत.

टेकडीच्या दक्षिण टोकाला महापालिकेचं हिंदुराव हॉस्पिटल आहे. रुग्ण, नातेवाईक, चहाच्या टपऱ्या, नेहमीची गर्दी. मराठी माणसानं इथं जरा थांबावं. हे हिंदुराव म्हणजे कागलचे घाटगे: सर्जेराव घाटग्यांचे चिरंजीव, दौलतराव शिंद्यांच्या बायजाबाईंचे भाऊ. दिल्लीत स्थायिक झाले, टेकडीवरचा हा बंगला घेतला आणि बंडाच्या दोन वर्षं आधी वारले. त्यांचा रिकामा बंगला कंपनीच्या आघाडीचं मुख्य ठाणं झाला. मेजर रीडच्या सिरमूर पलटणीच्या गुरख्यांनी तो धरून ठेवला. ४९० पैकी ३२७ जण मेले वा जखमी झाले, पण बंगला सोडला नाही. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घर सोडून उत्तरेला निघाले ते याच बायजाबाईंच्या यज्ञाची दक्षिणा मिळावी म्हणून, आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. भाऊ कुठं, बहीण कुठं, आणि दोन्ही नावं एकाच वर्षाच्या दोन टोकांना.

हॉस्पिटलजवळच अशोकाचा स्तंभ आहे. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकानं तो मेरठहून उचलून इथं आणला. दारूच्या स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले होते, ते जोडून १८६७ साली तो पुन्हा उभा केला. सांधे स्पष्ट दिसतात.

टेकडीवरचे वेढा घालून बसले होते असं म्हणतात, पण नकाशा पाहा: सात मैलांचा तट आणि वेढा घालणारे एका बाजूला मूठभर. यमुनेवरचा नावांचा पूल शेवटपर्यंत उघडा होता. रोज कुठली ना कुठली पलटण बँड वाजवत, निशाणं फडकवत त्यावरून दिल्लीत येई. ऑगस्टपर्यंत शहरात तीस हजारांच्या आसपास शिपाई जमले. मग जिंकले का नाहीत? एक कारण लढण्याच्या रीतीत होतं. जी पलटण नवी येई तिनं दुसऱ्या दिवशी टेकडीवर हल्ला करून आपली निष्ठा दाखवायची, अशी प्रथा पडली. बाकीच्या पलटणी बघत. हल्ला निकरानं होई, संध्याकाळी माणसं परत येत, आणि चार दिवसांनी पुढची पलटण तेच करी. सगळ्यांनी मिळून एकाच वेळी तीन बाजूंनी, असं जवळजवळ कधी झालंच नाही. कंपनीच्या फौजेत सुभेदार-मेजराच्या वर हिंदी माणसाला जागाच नव्हती. शंभर माणसं उत्तम हलवणारे शेकडो होते, दहा हजार हलवण्याचा सराव असलेला एकही नव्हता.

दुसरं कारण पोटाचं. त्या चार महिन्यांचे हजारो कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, फारसी-उर्दूच्या धावत्या शिकस्ता लिपीत. त्यांतले बरेच अर्ज आहेत: हलवायाचे, वाण्याचे, गाडीवाल्याचे, शिपाई दुकानात शिरले म्हणून. आणि शिपायांचे, दोन दिवस चणेही मिळाले नाहीत म्हणून. कर वसूल करायला बाहेरचा मुलूख हाती लागत नव्हता, कारण दिल्लीभोवतीचे रस्ते गुजर गावांनी आपल्या हिशेबानं वाटून घेतले होते. सावकार पैसे लपवत, शहजादे ते उकळत, आणि बादशहा मधूनमधून सगळं सोडून मक्केला जाण्याची धमकी देई. शिपायांनी कारभारासाठी दहा जणांचं एक ‘कोर्ट’ही काढलं होतं, पायदळ, घोडदळ आणि तोफखान्याचे प्रत्येकी दोन आणि बाकी चार कारभारी. कल्पना फार पुढची, पण तिच्या हुकुमाला पैसा लागतो. भरीला ७ ऑगस्टला चुडीवालानमधल्या बेगम समरूच्या हवेलीत चाललेला दारूचा कारखाना उडाला, शेकडो कारागीर मेले. बादशहाच्या हकिमावर फितुरीचा आळ घेऊन त्याचं घर लुटलं, दारू काही परत आली नाही.

बखतखान यातला सगळ्यात जाणता माणूस. तोफखान्याचा सुभेदार, चाळीस वर्षांची नोकरी, अफगाण युद्ध पाहिलेला. जुलैच्या सुरुवातीला तो बरेलीची ब्रिगेड, तोफा आणि चार लाखांचा खजिना घेऊन आला, आपल्या लोकांना सहा महिन्यांचा पगार आगाऊ देऊन. बादशहानं त्याला मुख्य सेनापती केलं आणि शहजादा मिर्झा मुघलच्या पोटात दुखू लागलं. आधीच्या पलटणींना बाहेरून आलेला सुभेदार डोक्यावर नको होता.

ऑगस्टच्या अखेरीस बखतखानानं बेत आखला तो बरोबर होता. फिरोजपूरहून कंपनीच्या जड तोफांची गाडी निघाली होती. ती पोचली तर तट टिकणार नाही, हे तोफखान्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हणून टेकडीच्या मागे वळसा घालून, नजफगडवरून जाऊन तिला वाटेत गाठायचं. २४ ऑगस्टला बरेलीची आणि नीमचची फौज निघाली. पाऊस कोसळत होता, नजफगडचा सगळा भाग पाणथळ. आज तिथून मेट्रो जाते आणि नजफगडचा नाला राजधानीचं सांडपाणी वाहतो. तेव्हा तो झिलेचा ओढा होता, शेतं गुडघाभर चिखलात. २५ तारखेला पहाटे टेकडीवरून कंपनीचा सेनानी निकोल्सन दोन हजारांवर माणसं आणि सोळा तोफा घेऊन निघाला, आणि चिखल तुडवत दुपारी उशिरा पोचला. नीमचची फौज पाण्यापलीकडे पुढे जाऊन सरायीत तळ देऊन होती. बखतखानाची मागे. नीमचच्या सरदारांनी त्याचा हुकूम मानला नव्हता, आणि लढाई जुंपल्यावर तोही त्यांच्या मदतीला गेला नाही. तासाभरात नीमचवाल्यांच्या तेरा तोफा गेल्या. बरेलीची ब्रिगेड, शहरातली सगळ्यात मोठी फौज, न लढता परत आली.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जड तोफा हत्ती-बैलांनी ओढत टेकडीवर आल्या. हिंदुरावांच्या बंगल्याखाली आणि तटाच्या जवळजवळ मोर्चे बांधले गेले आणि आठवडाभर तट फोडणं चाललं. १४ तारखेला पहाटे काश्मिरी दरवाजा सुरुंगानं उडवला. पुरातत्त्व खात्यानं तो जपला आहे. दोन कमानी, विटांवर गोळ्यांचे खोल वण. त्या एका दिवसात कंपनीचे हजारांहून अधिक लोक पडले, त्यांत निकोल्सनही जखमी झाला आणि नंतर मेला. गल्लीगल्लीत सहा दिवस लढाई चालली. आत शिरणाऱ्यांत गोऱ्यांपेक्षा शीख, पठाण, पंजाबी मुसलमान आणि गुरखेच जास्त होते. ज्या पुरबी शिपायांनी आठ वर्षांपूर्वी कंपनीसाठी पंजाब जिंकला, त्यांच्याविरुद्ध लढायला पंजाबी उत्सुक होते, आणि दिल्लीची लूटही होती. बखतखान बादशहाला म्हणाला, माझ्याबरोबर चला, लखनौकडे जाऊ. पण बादशहा हुमायूनच्या कबरीत जाऊन बसला आणि २१ तारखेला कंपनीच्या हॉडसनच्या स्वाधीन झाला.

पुढे अवधात, कानपूरला, झाशीला, ग्वाल्हेरला आणखी वर्षभर लढाई चालली, आणि काही ठिकाणी दिल्लीपेक्षाही चांगली चालली. पण ती तुकड्यातुकड्यांनी. मद्रासची फौज जागची हलली नाही. मुंबईच्या फौजेत कोल्हापूरची सत्ताविसावी पलटण ३१ जुलैला उठली, ती दडपली गेली. उरलेल्या मुंबई पलटणी सर ह्यू रोजबरोबर जाऊन झाशीच्या तटावर चढल्या. त्यांत आपल्याकडचे शिपाई होते, हेही इथंच सांगून टाकलेलं बरं.

हिंदुराव हॉस्पिटलच्या पुढे, टेकडीच्या दक्षिण टोकालाच, लाल दगडाचा टोकदार मनोरा आहे. १८६३ साली कंपनीकडच्या मृतांसाठी बांधला. त्यावर पलटणवार आकडे कोरलेत: किती मेले, किती जखमी, गोरे किती, हिंदी किती. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, १९७२ साली, त्याचं अजितगड असं नामकरण झालं आणि नवी पाटी लागली: मूळ लेखात ज्यांना शत्रू म्हटलंय ते स्वातंत्र्यासाठी लढलेले हुतात्मे होते. शेजारी बसलेला रखवालदार म्हणाला, लोक ही पाटी वाचतात, वरचे आकडे कोणी वाचत नाही. मी ते सगळे वाचले. हिंदी आणि गोरे असे वेगळे रकाने आहेत, त्यामुळे कोणाच्या जीवावर हे शहर घेतलं ते मनोरा स्वतःच सांगतो.

१८५८ साली कंपनीचं राज्य संपलं आणि कारभार थेट राणीच्या सरकारकडे गेला. फौजेची नव्यानं घडी बसवताना चौकशी समितीनं बंगालमध्ये दोन हिंदी शिपायांमागे एक गोरा आणि मद्रास-मुंबईत तिनांमागे एक असं प्रमाण सुचवलं. पुढे काही डोंगरी तोफा सोडल्या तर तोफखाना हिंदी माणसाच्या हाती द्यायचा नाही, असंही ठरलं. बखतखानासारखा सुभेदार त्यानंतर बरीच वर्षं तयार होऊच शकला नाही.